कोणता माल बंद करायचा? यादीत तळाला आहे म्हणून नव्हे

21 सप्टेंबर 2025 हा रविवार होता, सर्वपित्री अमावस्या. दुसऱ्या दिवशी घटस्थापना, आणि त्याच दिवसापासून जीएसटीचे नवे दर लागू होणार होते. साबण, टूथपेस्ट, शाम्पू, केसांचं तेल या सगळ्यांवरचा कर 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर येणार होता. कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझ्या मामांचं किराणा आणि जनरल स्टोअर आहे. जुन्या एमआरपीचा माल किती शिल्लक आहे हे मोजायला मी, मामा आणि मामी रात्री शटर अर्धं ओढून बसलो.

मोजता मोजता वरच्या फळीवर डिओच्या बाटल्यांचे खोके निघाले. वर धुळीचा थर होता. मामा कितीतरी वेळ हातात एक बाटली धरून उभे होते. "ही कधी घेतली गं आपण?" त्यांनी मामीला विचारलं. तिलाही आठवेना.

गेले काही महिने पेठेतल्या बऱ्याच दुकानदारांच्या तोंडी एकच विषय आहे. मॉल आहे, घरपोच देणारी अॅप आहेत, गिऱ्हाईक वाटलं जातंय आणि भांडवल तेवढंच आहे. मग दुकानातलं काय कमी करायचं? मी हिशोबाचं काम करते, म्हणून मामांनी हा प्रश्न माझ्यावर टाकला. ते उत्तर शोधताना माझ्याकडून एक चूक झाली, तीही या लेखात आहे.

जास्त मार्जिन म्हणजे चांगला माल, हे खरं का?

मार्जिन म्हणजे विक्रीचा भाव वजा खरेदीचा भाव. हे सगळ्यांना माहीत असतं, आणि गडबड इथूनच सुरू होते. मामांचं म्हणणं असं होतं, "साखरेत काय मिळतंय? किलोमागं दोन रुपये. डिओमध्ये बाटलीमागं साठ. मग बंद काय करायचं, तूच सांग."

दोन्हींचा हिशोब वर्षावर नेऊन बघू. सगळे भाव कर वगळून धरलेत. ज्याला खरेदीवरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं, त्यानं खरेदी आणि विक्री दोन्हीकडे कर बाजूला काढूनच मार्जिन काढावं. नाहीतर एमआरपीतला सरकारचा हिस्सा आपलाच नफा वाटतो.

साखर 41 रुपयांना येते आणि 43 ला जाते. महिन्याला 400 किलो खपते. म्हणजे महिन्याची कमाई 800 रुपये आणि वर्षाची 9,600. दुकानात कोणत्याही दिवशी बघितलं तर सरासरी 100 किलो साखर असते, म्हणजे साखरेत अडकलेले पैसे 4,100 रुपये.

डिओची बाटली 150 ला येते, 210 ला जाते. वर्षात 30 बाटल्या खपल्या, कमाई 1,800 रुपये. सरासरी 40 बाटल्या फळीवर असतात, त्यात अडकलेले पैसे 6,000 रुपये.

आता वर्षाच्या कमाईला अडकलेल्या पैशांनी भागायचं. साखरेत अडकलेला एक रुपया वर्षाला 2 रुपये 34 पैसे कमावतो आणि डिओत अडकलेला रुपया फक्त 30 पैसे.

याचं कारण फेऱ्यांत आहे. साखरेत घातलेला पैसा वर्षात 48 वेळा गल्ल्यात परत येतो आणि पुन्हा लक्ष्मीपुरीच्या ठोक बाजारात जाऊन नवं पोतं घेऊन येतो. दर फेरीला तो थोडंच आणतो, पण तो थांबत नाही. डिओतला पैसा वर्षभरात एक फेराही पुरा करत नाही. केएमटीची गर्दीची बस दर माणशी थोडेच पैसे घेते, तरी दिवसभर फेऱ्या मारून लग्नाच्या हंगामापुरत्या निघणाऱ्या गाडीपेक्षा जास्त गल्ला आणते, तसंच हे.

म्हणून नुसतं मार्जिन बघायचं नाही आणि नुसता खपही बघायचा नाही. दोन्हींचा गुणाकार बघायचा. मी त्याला "रुपयामागची कमाई" म्हणते. वर्षाची कमाई भागिले सरासरी साठा, साठा खरेदीच्या भावानं. इथून पुढं हाच एक आकडा वापरते.

पण आमच्याकडे कॉम्प्युटरवर बिलिंग नाही

मामांकडेही नाही. काउंटरवर कागदाच्या कपट्यावर बेरीज होते आणि कपटा डब्यात जातो. तरी हिशोब निघतो, कारण खरेदीची बिलं असतात. डिस्ट्रिब्युटरचा माणूस बिल देतो, ठोक व्यापारीही देतो. वर्षाच्या सुरुवातीला जो साठा होता त्यात वर्षभराची खरेदी मिळवा आणि शेवटी उरलेला साठा वजा करा. जे उरतं ते विकलं गेलेलं. खराब झालेला, फुटलेला, उंदरानं कुरतडलेला माल यात विक्री म्हणून धरला जातो, म्हणून तेवढा आठवून वजा करावा.

सगळं दुकान एकदम घेऊ नये. आम्ही एकच भिंत घेतली, 140 वस्तूंची. साबण-पावडरीपासून मसाल्याच्या बरण्यांपर्यंत. तीन रविवार लागले. सोबत एक साधी सवय लावली: नवीन खोका आला की मार्करनं त्यावर तारीख टाकायची. सहा महिन्यांनी ती तारीखच सांगते की कोण हललं नाही.

मामांच्या दुकानात एकूण माल साधारण 3 लाखांचा असतो आणि वर्षाची कमाई 3 लाख 60 हजार. म्हणजे सरासरी रुपयामागं 1 रुपया 20 पैसे. भाडं, वीज आणि मदतीला असलेल्या मुलाचा पगार मिळून वर्षाला 1 लाख 80 हजार जातात. मालातल्या प्रत्येक रुपयानं 60 पैसे तर खर्चासाठीच कमवायला हवेत. भिंतीवरच्या 140 पैकी 40 वस्तू या 60 पैशांवर किंवा त्याच्या खाली होत्या. माझ्या यादीत मी त्या लाल केल्या.

आणि इथं मी घाई केली. मला वाटलं, लाल म्हणजे बंद.

यादी काढली तो दिवस कोणता होता?

पहिली शंका मामींनी काढली. त्या म्हणाल्या, "साबुदाणा लाल कसा काय? नवरात्रात पुरत नाही तो."

मी 21 सप्टेंबरचा साठा धरला होता. घटस्थापनेच्या आदल्या रात्री दुकानात साबुदाणा, वरई आणि राजगिरा वर्षातले सगळ्यात जास्त असणार, हे उघड आहे. अंबाबाईच्या गावात नऊ दिवस उपवास करणारी घरं काही कमी नाहीत. त्या एका रात्रीच्या साठ्यानं भागलं की साबुदाणा आळशी दिसतो.

यापेक्षा मोठा फसवा दिवस म्हणजे 31 मार्च. वर्षअखेरीला सगळेच साठा मोजतात आणि हिशोबात तोच आकडा येतो. पण कोल्हापुरात मार्च ते मे हा चटणीचा हंगाम. घराघरांत वर्षाची कांदा-लसूण चटणी होते. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची, धणे, सुकं खोबरं, तीळ, खसखस, गरम मसाला असं सगळं घेऊन बायका मसाला कांडायला डंकावर रांगा लावतात. दुकानदारानं मार्चमध्येच मसाल्याचा माल भरून ठेवलेला असतो.

मामांच्या मसाल्याचे आकडे असे आहेत. वर्षाची कमाई 28,800 रुपये. 31 मार्चचा साठा 40,000. या एका दिवसावर विसंबलं तर रुपयामागं 72 पैसे पडतात, म्हणजे लाल यादीच्या अगदी उंबऱ्यावर. पण जूनअखेर साठा 10,000 असतो, सप्टेंबरअखेर 8,000 आणि डिसेंबरअखेर 6,000. चारही धरून सरासरी 16,000 येते, आणि त्याच मसाल्याची कमाई रुपयामागं 1 रुपया 80 पैसे होते. ती दुकानाच्या सरासरीच्या वर आहे.

वर्षातून निदान चार वेळा साठा मोजावा आणि त्याची सरासरी धरावी, असं मी आता सगळ्यांना सांगते. दर महिन्याला जमलं तर उत्तमच. 22 सप्टेंबरनंतर आणखी एक गोष्ट सांभाळायला हवी. ज्या वस्तूंचा कर आणि एमआरपी बदलली, त्यांचे त्याआधीचे आणि नंतरचे एमआरपीवरचे आकडे एकत्र मिसळू नयेत. कर वगळून धरलं तर ही अडचण बरीचशी राहत नाही.

साबुदाणा, वरई, राजगिरा आणि अशा आणखी हंगामी वस्तू काढल्यावर 40 च्या 34 झाल्या.

वस्तू वाईट आहे की खरेदी वाईट आहे?

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण यावर कुणी फारसं बोलत नाही.

लोणच्याची एक बरणी घ्या. 80 ला येते, 100 ला जाते, महिन्याला 6 खपतात. मामा आधी डझनभर घ्यायचे. सरासरी 6 बरण्या दुकानात, म्हणजे 480 रुपये अडकलेले. वर्षाची कमाई 1,440. रुपयामागं 3 रुपये. उत्तम माल.

मग सेल्समन आला आणि म्हणाला, "चार डझन घ्या, चार बरण्या फ्री." मामांनी घेतल्या. आता 52 बरण्या 3,840 रुपयांत, म्हणजे एक बरणी सुमारे 74 रुपयांना पडली. मार्जिन 20 वरून 26 वर गेलं. वर्षाची कमाई 1,440 वरून साधारण 1,880 झाली. मामा खूश, सेल्समनही खूश.

पण 52 बरण्या संपायला जवळजवळ नऊ महिने लागतात. सरासरी साठा 26 बरण्यांचा, म्हणजे 1,920 रुपये. रुपयामागची कमाई 3 रुपयांवरून 98 पैशांवर आली. वर्षाला 440 रुपये जास्त मिळवण्यासाठी 1,440 रुपये जादा अडकवले, आणि त्या जादा रुपयांची कमाई रुपयामागं 31 पैसेच आहे. म्हणजे जवळपास डिओइतकीच. शिवाय नऊ महिन्यांत तळाच्या बरण्यांवरची तारीख जवळ येते ते वेगळंच.

या लोणच्यावर "बंद" असा शिक्का मारणं म्हणजे चांगल्या मालाला शिक्षा देणं. बदलायची ती ऑर्डर. माझ्या 34 लाल वस्तूंपैकी 14 अशा निघाल्या की ज्यांचा खप ठीक होता, फक्त एका वेळी घेतलेला माल फार होता. ओळखायची खूण सोपी आहे. वर्षाची विक्री बघा आणि विचारा: हाच माल एका महिन्याच्या खपापुरता घेतला तर आकडा कितीवर जाईल? तो दुकानाच्या सरासरीच्या जवळ येत असेल तर वस्तू ठेवा आणि ऑर्डर कापा. महिन्याच्या खपापुरता माल डिस्ट्रिब्युटर देतच नसेल, अख्खी पेटीच घ्यावी लागत असेल आणि ती पेटी वर्षभर पुरत असेल, तर मात्र ती वस्तू आपल्या दुकानाला झेपत नाही असं समजावं. मामांनी अशा एकदोन वस्तू शेजारच्या गल्लीतल्या दुकानदाराबरोबर पेटी वाटून घ्यायला सुरुवात केली. दोघांचाही माल निम्म्यात आला.

स्कीम कधीच घेऊ नये असं मी म्हणत नाही. जादा माल दीड-दोन महिन्यांत संपणार असेल तर स्कीम घ्यावी. अंदाज हाताशी असला की सेल्समनशी बोलतानाही आवाज वेगळा येतो.

गिऱ्हाईक त्याच मालासाठी येतं, त्याचं काय?

आता माझ्या चुकीकडे येते.

मामा स्वतः एक सुट्टी चहा पावडर मिसळून विकत. लक्ष्मीपुरीतून दोन प्रकारची पावडर आणायची, एक दाण्याची आणि एक डस्ट, आणि आपल्या मापानं मिसळायची. काउंटरच्या मागं पितळी झाकणाच्या डब्यात ती असे. डबा उघडला की दुकानभर वास यायचा. महिन्याला जेमतेम 3 किलो खपायची. किलोमागं 60 रुपये, म्हणजे महिन्याची कमाई 180. पण पावडर बारा-बारा किलो आणली जायची. साठा सरासरी 9 किलोचा, 3,600 रुपयांचा. रुपयामागं 60 पैसे. यादीत लाल.

मी मामांना म्हटलं, "पॅकिंगचा चहा आहेच की. हा बंद करू." त्यांना पटलं नव्हतं, पण भाचीनं एवढी मेहनत घेतली म्हणून ते गप्प बसले. डबा घासून पुसून आत ठेवला.

दोन महिन्यांनी मामी उधारीची वही चाळत होत्या. दोन घरांची पानं कोरी होती. दोन्ही जुनी गिऱ्हाइकं, महिन्याची यादी एकदम देणारी. साखर, तेल, डाळी, साबण, सगळं मामांकडूनच. त्यातल्या एका मावशींची मामींशी देवळात गाठ पडली. त्या म्हणाल्या, "चहा तुमच्याकडं मिळंना, म्हणून त्या कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. तिथनंच मग सगळं घेतलं, दोनदा कुठं जायचं?"

दोन घरांची मिळून महिन्याची यादी 9,000 रुपयांची होती. त्यावर चहा सोडून साधारण 900 रुपये सुटायचे. मी 180 रुपयांची वस्तू बंद केली आणि 900 रुपये त्याच्या मागोमाग गेले.

रुपयामागच्या कमाईचा आकडा प्रत्येक वस्तूला एकटं उभं करून मोजतो. पण गिऱ्हाईक वस्तू एकेकटी घेत नाही, यादी घेऊन येतं. यादीत पहिली ओळ कोणती आहे, कशासाठी तो घरातून निघाला, हे आकड्यात दिसत नाही. म्हणून बंद करण्याआधी उधारीच्या वहीतली, नाहीतर महिन्याच्या यादीतली, मोठी 25 गिऱ्हाइकं काढावीत आणि प्रत्येक लाल वस्तू त्यांच्या याद्यांत किती वेळा येते ते बघावं. हे काम दोन संध्याकाळींचं आहे. मी ते आधी करायला हवं होतं.

दोन प्रकारच्या वस्तू यात हाताला लागतात. एक म्हणजे जी दुसरीकडे सहज मिळत नाही, मामांच्या चहासारखी. खप कमी असला तरी ती घेणारे ठरलेले असतात आणि मोठी यादी देणारे असतात. दुसरी म्हणजे जिचा भाव सगळ्यांना तोंडपाठ असतो. साखर, गूळ, तेल, पोहे. तिथं तुम्ही महाग आहात की स्वस्त हे गिऱ्हाईक त्याच मालावरून ठरवतं. कोल्हापुरात ज्या दुकानात चांगला गूळ नाही, तिथं बाकीचं चांगलं असेल यावर लोक विश्वास ठेवत नाहीत. याउलट डिओ 25 पैकी एकाही यादीत नव्हता.

ही वस्तू नसेल तर गिऱ्हाईक दुसरी घेईल का?

हाच प्रश्न उलट बाजूनंही विचारावा लागतो, आणि इथं उत्तर सुखाचं असतं. कपडे धुण्याची एकाच कंपनीची पावडर मामांकडे पाच मापांत होती: दहा रुपयांची पुडी, अर्धा किलो, एक किलो, दोन किलो आणि चार किलो. पाचही मापांचा साठा, पाचांची जागा. चार किलोची पिशवी महिन्याला दोन जायच्या. ती बंद केली तर तीच माणसं दोन-दोन किलोच्या दोन पिशव्या घेतात, कारण त्यांना पावडर हवी असते, पिशवीचं माप नको असतं. इथं वस्तू गेली, पण विक्री गेली नाही.

पण दहाच्या पुडीला हा न्याय लावू नये. पुडी घेणारा माणूस त्या दिवशीच्या मजुरीतून घेतो, त्याला अर्धा किलो परवडत नाही. पुडी नसेल तर तो पुडी असलेल्या दुकानात जातो. एकाच वस्तूची मापं कमी करताना मधली किंवा वरची कमी करावीत, सगळ्यात खालचं शक्यतो ठेवावं. लाल यादीतली कितीतरी नावं अशी जोडीतली होती: एकाच साबणाचे चार वास, एकाच बिस्किटाची तीन पाकिटं. जोडीतली वस्तू बंद करणं सगळ्यात कमी धोक्याचं, म्हणून सुरुवात इथून करावी.

आपले पैसे अडकलेच नसतील तर?

मामांनी काढलेली ही शंका अगदी बरोबर आहे. बेकरीवाला रोज खारी आणि पाव ठेवतो, उरलेलं बदलून नेतो आणि पैसे आठवड्यानं घेतो. काही डिस्ट्रिब्युटर 15 दिवसांची उधारी देतात आणि तारीख उलटलेला माल परत घेतात. अशा मालात आपला रुपया अडकतच नाही, फक्त जागा अडकते. त्याला रुपयामागच्या कमाईनं मोजू नये. ती वस्तू किती फूट फळी खाते आणि त्या फुटात दुसरं काय चाललं असतं, हे विचारावं. मात्र "परत घेतो" हे बोलण्यात आहे की खरंच घेतात, हे गेल्या वर्षीच्या बिलांवर तपासावं. बिलावर परताव्याची वजाबाकी दिसली पाहिजे.

बंद केलेला माल खरेदीपेक्षा कमी भावात विकायचा?

चहा परत आणायचा ठरल्यावर बाकीची यादी आम्ही पुन्हा बसून चाळली. ऑर्डर कमी करायच्या 14, ठेवायच्या 7 आणि बंद करायच्या 13. ठेवायच्या सातांत चहा होता, पूजेच्या दोनतीन वस्तू होत्या, बेकरीचा माल होता. बंदच्या तेरांत डिओ होता.

आता त्या 40 बाटल्यांचं काय करायचं? मामा म्हणाले, "दीडशेला घेतलीय, दीडशेच्या खाली देणार नाही." ही भावना मला समजते. पण दीडशे रुपये तर त्या दिवशीच गेले. आता प्रश्न एवढाच आहे की आज थोडे मिळवायचे की हळूहळू जास्त.

हळूहळूचा हिशोब असा. वर्षाला 30 या गतीनं 40 बाटल्या संपायला 16 महिने लागतील. सगळ्या 210 ला गेल्या तर 8,400 येतील. पहिली बाटली लगेच जाते, शेवटची 16 महिन्यांनी, म्हणजे सरासरी आठ महिने वाट बघायची. दुकानातला सरासरी रुपया महिन्याला 10 पैसे कमावतो, म्हणजे आठ महिन्यांत 80 पैसे. आज हातात आलेला 1 रुपया तोवर 1 रुपया 80 पैसे झालेला असतो.

सगळ्या बाटल्या आज 150 ला दिल्या तर 6,000 येतात, आणि आठ महिन्यांत त्यांचे 10,800 होतात. ते 8,400 पेक्षा बरेच जास्त आहेत. 130 ला दिल्या तरी 5,200 चे 9,360 होतात. कुठवर उतरायचं याचीही सीमा निघते: 8,400 ला 1.80 नं भागा, 4,667 येतात, म्हणजे बाटलीमागं साधारण 117 रुपये. त्याच्या खाली उतरण्यापेक्षा थांबलेलं बरं. शेवटच्या आठ-दहा बाटल्या जातीलच याची खात्री नसते, म्हणून ही सीमा थोडी खाली धरली तरी चालते.

यात एक अट आहे. सुटलेला पैसा खरंच कामाला लागला पाहिजे. साखरेचा आकडा चांगला आहे म्हणून आणखी चार पोती साखर आणली तर गिऱ्हाईक जास्त साखर खाणार नाही, नुसता साठा वाढेल आणि आकडा पडेल. पैसा तिथं घालायचा जिथं माल अधूनमधून संपतो. मामांकडे महिन्याच्या शेवटी शेंगतेलाचे डबे संपायचे आणि एक तारखेला पगार झालेलं गिऱ्हाईक मोकळ्या हातानं परत जायचं. डिओचा पैसा तिथं गेला. तशी जागाच नसेल तर ठोक व्यापाऱ्याची उधारी फेडावी आणि रोखीची सूट मागावी.

मामांनी भाव 135 ठेवला, बाटल्या वरून उतरवून काउंटरवर मांडल्या. थोड्याच दिवसांत 31 गेल्या.

बंद केलेलं चुकलं हे कसं कळणार?

गल्ल्याशेजारी एक शंभर पानी वही दोरीनं बांधून ठेवली आहे. गिऱ्हाइकानं मागितलं आणि "नाही" म्हणावं लागलं की त्या वस्तूचं नाव, तारीख आणि मागणारं कोण ते लिहायचं. मागणारं कोण हे लिहिणं महत्त्वाचं. एकच माणूस पाच वेळा विचारतो तेव्हा ती एकाची आवड असते, पाच घरं विचारतात तेव्हा ती मागणी असते. एकच माणूस असला आणि त्याची यादी 4,000 ची असली, तर त्याच्यापुरता माल आणून द्यावा, फळीवर न ठेवता.

तीन महिन्यांत तेरापैकी अकरा वस्तूंचं नाव त्या वहीत एकदाही आलं नाही. एक फरशी पुसण्याचं लिक्विड चार वेगवेगळ्या घरांनी मागितलं, ते परत आणलं, पण सहा बाटल्यांची पेटी शेजाऱ्याबरोबर वाटून. आणि डिओ एका कॉलेजच्या मुलानं दोनदा विचारला.

चहाचा पितळी डबा पुन्हा काउंटरच्या मागं आहे. मामा आता बारा किलोऐवजी दोन-दोन किलो मिसळतात, दर तीन आठवड्यांनी लक्ष्मीपुरीत जातात. देवळात भेटलेल्या मावशी परत आल्या. दुसऱ्या घराचं पान अजून कोरं आहे.